अकरा पानांची नोटीस एका कागदावर

प्रश्न : माझे गिरगावात एका जुन्या चाळीच्या तळमजल्यावर वह्या-पुस्तकांचे आणि स्टेशनरीचे दुकान आहे. जागा पागडीची, भाडे दरमहा 900 रुपये आणि पावती माझ्याच नावाची. इमारत नव्या मालकांनी विकत घेतली आणि एप्रिल 2023 पासून ते भाडे स्वीकारत नाहीत. दोनदा मनीऑर्डर केली, ती परत आली. आता 6 ऑक्टोबर 2025 रोजी त्यांच्या वकिलांची अकरा पानांची इंग्रजी नोटीस आली आहे. पुतण्याने वाचून सांगितले की, पंधरा दिवसांत जागा खाली करा आणि 48,400 रुपये भरा. पोटमाळ्याबद्दल आणि दुकानात मोबाइल दुरुस्तीचे टेबल लावून बसणाऱ्या माझ्या भाच्याबद्दलही त्यात काहीबाही लिहिले आहे. प्रत सोबत पाठवत आहे. वकिलांकडे जाणारच आहे, पण त्याआधी काय मागितले आहे, कधीपर्यंत आणि मला काय काय करता येईल, हे एका कागदावर मांडून हवे आहे.
— एक दुकानदार, गिरगाव

उत्तर : आपल्या पुतण्याने वाचले ते चूक नाही, पण त्याने शेवटचे पान वाचले आहे. या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची मुदत शेवटच्या पानावर नाही. खरे तर ती नोटिशीत आकड्याने कुठेच लिहिलेली नाही. सहाव्या पानावर, चौदाव्या परिच्छेदाच्या अखेरीस, ही नोटीस महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 15 खालील थकबाकीची मागणी समजावी, असे एक वाक्य आहे. ते वाक्य वाचल्यावर वकील लगेच नव्वद दिवस मोजायला घेतो, कारण त्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमानुसार भाडे थकले या कारणावरून ताब्याचा दावा लावायचा असेल, तर घरमालकाला लेखी मागणी बजावून नव्वद दिवस थांबावेच लागते. म्हणून आपल्या कागदावर प्रत्येक मागणीपुढे मुदत लिहिताना ती मुदत वकिलांनी घातलेली आहे की कायद्याने ठरवलेली आहे, याची वेगळी नोंद हवी. ही एक नोंद राहिली, तर बाकीचा सारांश कितीही नेटका असला तरी उपयोगाचा नाही.

नोटीस वाचताना पहिल्या पानापासून सुरुवात करू नये. वकिलाच्या नोटिशीत पहिली पाच-सहा पाने मालकीचा इतिहास, इमारतीचे वर्णन आणि जुना पत्रव्यवहार यांत जातात आणि तिथेच वाचणाऱ्याचा दम संपतो. इंग्रजी नोटिशीत मागणी बहुधा ‘कॉल अपॉन यू’ या शब्दांनी सुरू होते आणि न पाळल्यास काय करू ही धमकी ‘फेलिंग व्हिच’ या शब्दांनंतर येते. पेन्सिल घेऊन सगळ्या पानांवर हे दोन शब्दप्रयोग तेवढे शोधावेत. आपल्या नोटिशीत पहिला चार ठिकाणी आढळतो : परिच्छेद 14, 17, 21 आणि 26. शेवटच्या पानावरच्या परिच्छेद 26 मध्ये आधीच्या मागण्या पुन्हा एकत्र आणल्या आहेत, परंतु तसे करताना कलम 15 चा उल्लेख गळाला आहे आणि जागा सोडण्याची मागणी मात्र नव्याने आली आहे. केवळ शेवटचा परिच्छेद वाचून सारांश करणाऱ्याची फसगत होते ती अशी.

त्याआधी एक तारीख पक्की करावी. नोटिशीवर 26 सप्टेंबर असे लिहिले असले, तरी मुदत मोजायची ती नोटीस आपल्या हाती पडली त्या दिवसापासून. ज्या पाकिटातून ती आली ते पाकीट फेकले असेल तर आजच शोधून काढावे आणि त्यावरचा टपालाचा शिक्का व लेबल जपून ठेवावे. लेबलवरच्या क्रमांकाने टपाल खात्याच्या संकेतस्थळावर दिसणाऱ्या नोंदीची छापील प्रतही काढून ठेवावी. 6 ऑक्टोबर हा बजावणीचा दिवस मोजणीत धरला जात नाही. 7 ऑक्टोबर हा पहिला दिवस धरला, तर वकिलांनी घातलेले पंधरा दिवस 21 ऑक्टोबरला, म्हणजे ऐन दिवाळीत संपतात, आणि कायद्याचे नव्वद दिवस 4 जानेवारी 2026 रोजी संपतात. तो रविवार आहे, म्हणून आपल्या कागदावर ती तारीख लिहूच नये. पैशांसाठी 31 ऑक्टोबर ही आपली स्वतःची तारीख लिहावी. भरलेले पैसे परत आले तर दुसऱ्या मार्गाने पुन्हा पाठवायला हाताशी वेळ राहायला हवा.

आता मागण्यांकडे वळू. पहिली मागणी परिच्छेद 14 मधील पैशांची. 48,400 हा आकडा एकसंध दिसतो, पण तो दोन अगदी वेगळ्या रकमांचा बनला आहे आणि सारांशात त्या वेगळ्याच लिहाव्यात. एप्रिल 2023 ते सप्टेंबर 2025 हे तीस महिने, दरमहा 900 प्रमाणे 27,000 रुपये, ही एक रक्कम. ती आपल्यालाही मान्य आहे, कारण भाडे दिले गेलेले नाही, मग ते कोणामुळे का असेना. उरलेले 21,400 रुपये ‘वाढ व कर’ या नावाखाली मागितले आहेत आणि त्यांचा कसलाही हिशेब जोडलेला नाही. कायद्याने घरमालकाला वर्षाला चार टक्के भाडेवाढ करता येते आणि काही करांचा भारही नियमात बसेल तितका भाडेकरूवर टाकता येतो. तेव्हा ही मागणी मुळातच बेकायदा आहे असे लिहू नये. परंतु 900 रुपयांवर चार टक्के म्हणजे महिन्याला 36 रुपये. एवढ्याशा वाढीतून तीस महिन्यांत 21,400 पर्यंत पोहोचता येत नाही, म्हणजे यातला मोठा भाग करांचा असणार, आणि तो कोणत्या बिलांवरून व कोणत्या प्रमाणात काढला हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

या मागणीला देता येण्याजोगी उत्तरे तीन आहेत. सगळे भरणे, काहीच न भरणे, किंवा मान्य असलेले लगेच भरून उरलेल्याचा तपशील मागणे. दुकानदार रागाच्या भरात दुसरे उत्तर निवडतात : मालकच भाडे घेत नव्हता, आता मी का देऊ? कलम 15 चे संरक्षण भाडे देणाऱ्याला आणि देण्यास तयार व इच्छुक असणाऱ्याला आहे. ही तयारी कागदावर दिसावी लागते. तोंडी सांगितलेली न्यायालयात टिकत नाही. आपल्या परत आलेल्या दोन मनीऑर्डरींच्या पावत्या त्यासाठी मोलाच्या आहेत, पण तीस महिन्यांत दोनच, हे समोरचा वकील दाखवून देणारच. म्हणून तिसरे उत्तर योग्य. 27,000 रुपये धनादेशाने किंवा डिमांड ड्राफ्टने, कोणत्या महिन्यांचे भाडे आहे ते नमूद करणाऱ्या पत्रासह, आपले सर्व हक्क अबाधित राखून पाठवावेत. चार टक्क्यांच्या वाढीची रक्कम लहान आहे. ती आपल्या वकिलांकडून मोजून घेऊन, वाद कायम ठेवून सोबतच भरलेली बरी, कारण पुढे भरणा थोड्याने कमी पडला असा मुद्दा निघायला नको. ऑक्टोबरपासूनचे भाडेही दर महिन्याला असेच पाठवत राहावे, नाहीतर जुनी थकबाकी मिटून नवी उभी राहते. पाकीट ‘घेण्यास नकार’ असा शेरा होऊन परत आले, तर ते फोडू नये. बंद पाकीट, आतल्या धनादेशासकट, तसेच्या तसे न्यायालयात दाखवता येते आणि ते आपल्या शपथेपेक्षा जास्त बोलते.

हे चुकलेच तर कायदा आणखी एक संधी देतो : दाव्याचे समन्स बजावल्यापासून नव्वद दिवसांच्या आत सर्व थकबाकी, द.सा.द.शे. पंधरा टक्के सरळ व्याजासह, न्यायालयात भरली, पुढील भाडे नियमित भरत राहिले आणि न्यायालय सांगेल तो खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावरून ताब्याचा हुकूमनामा होत नाही. ही नोंद कागदाच्या तळाशी करून ठेवावी, पण तिच्यावर विसंबून आज स्वस्थ बसू नये. आज जे साध्या धनादेशाने भागते, त्यासाठी उद्या धोबी तलावच्या लघुवाद न्यायालयात वर्षानुवर्षे तारखा घ्याव्या लागतील.

दुसरी मागणी परिच्छेद 17 मधील पोटमाळ्याची : तो सात दिवसांत काढून जागा पूर्ववत करा. हे सात दिवस सर्वस्वी वकिलांचे आहेत. कायद्यात ते नाहीत. पण इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. नव्वद दिवस थांबण्याचे बंधन फक्त थकबाकीच्या कारणाला आहे. घरमालकाच्या लेखी संमतीविना कायमस्वरूपी बांधकाम केले किंवा जागा पोटभाड्याने दिली, या कलम 16 खालील कारणांवर दावा लावायला त्यांना तसे थांबावे लागत नाही. म्हणून ‘4 जानेवारीपर्यंत काही होत नाही’ असे आपल्या कागदावर कुठेही लिहिले जाऊ नये. परिच्छेद 17 आणि 21 यांच्यापुढे ‘दावा केव्हाही येऊ शकतो’ असेच लिहावे.

पोटमाळ्याचा प्रश्न तो आहे की नाही हा नसून तो कायमस्वरूपी आहे की नाही हा आहे. कायद्याच्या स्पष्टीकरणात लाकडी पार्टिशन, दरवाजा, जाळीकाम, हवेसाठी खिडकी, फॉल्स सीलिंग, एअर कंडिशनर अशी काही कामे, आवश्यक तिथे महापालिकेच्या परवानगीने केली असल्यास, कायमस्वरूपी बांधकामात धरू नयेत असे म्हटले आहे. त्या यादीत पोटमाळा नाही. त्यामुळे तो कसा बसवला आहे यावर बरेच अवलंबून राहील : लोखंडी अँगल उभे करून, नटबोल्टने जोडून वर प्लाय टाकला असेल आणि भिंतीला इजा न करता तो उतरवता येत असेल, तर आपली बाजू चांगली, गर्डर भिंतीत घुसवून वर लादी घातली असेल, तर कठीण. आपण पत्रात हे लिहिलेले नाही. वकिलांकडे जाण्यापूर्वी जोडांची, टेकूंची आणि भिंतीची जवळून छायाचित्रे काढावीत, लांबी-रुंदी-उंची मोजावी, सुताराचे किंवा फॅब्रिकेटरचे जुने बिल सापडते का ते पाहावे. पोटमाळा आपण येण्याआधीपासून असेल, तर ते सांगू शकणारा चाळीतला कोणी जुना रहिवासी आहे का, हेही पाहून ठेवावे. घाबरून तो आज तोडू नये, कारण पुरावाही जातो आणि आरोप मान्य केल्यासारखेही दिसते. आणि दिवाळीचा माल ठेवायचा म्हणून तो वाढवू तर मुळीच नये. नोटिशीत महापालिकेकडे तक्रार करू असेही म्हटले आहे. ती तक्रार झाली तर वॉर्ड ऑफिसकडून स्वतंत्र नोटीस येईल, तिची मुदत निराळी असेल आणि तिला निराळे उत्तर द्यावे लागेल. या कागदात ती मिसळू नये.

तिसरी मागणी परिच्छेद 21 मधील आपल्या भाच्याविषयीची. त्याला ‘तुमचा पोटभाडेकरू’ म्हटले आहे आणि त्याला तत्काळ हटवण्यास सांगितले आहे. पोटभाडे ठरण्यासाठी साधारणपणे दोन गोष्टी पाहिल्या जातात : जागेच्या त्या भागाचा ताबा आपण पूर्णपणे सोडला आहे का, आणि त्याच्या बदल्यात मोबदला घेतला जातो का. टेबल दुकानाच्या आत असेल, शटरची किल्ली आपल्याकडेच असेल, तो आपल्या वेळेत येऊन आपल्या वेळेत जात असेल, तर ताबा आपलाच राहतो. पण तो दरमहा काही रक्कम देत असेल, त्याच्या नावाचा फलक बाहेर लागला असेल किंवा त्याने आपल्या दुकानाच्या पत्त्यावर स्वतःच्या धंद्याची नोंदणी केली असेल, तर ते आपल्या वकिलांना पहिल्याच भेटीत सांगितले पाहिजे. ‘माझ्या दुकानात दुसरे कोणीही बसत नाही’ असे धडधडीत उत्तर नोटिशीला दिले जाते, पुढे न्यायालयाचा आयुक्त पाहणीला येतो आणि टेबल तिथेच असते, मग बाकीच्या खऱ्या उत्तरांवरचाही विश्वास उडतो. भाचा आहे, आपल्या परवानगीने बसतो, ताबा सोडलेला नाही, हे खरे असेल तर तेच लिहावे.

चौथी मागणी जागा सोडण्याची, आणि तिच्या पाठोपाठ दोन पैशांच्या : जागा न सोडल्यास दरमहा 50,000 रुपये भरपाई आणि नोटिशीचा खर्च 10,000. हीच वाचून झोप उडते, तरी उत्तराच्या दृष्टीने ती सर्वांत हलकी आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमातील पंधरा दिवसांच्या नोटिशीवरून हे दिवस घेतलेले दिसतात. परंतु भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण असलेल्या भाडेकरूचा ताबा तशा नोटिशीने संपत नाही, त्यासाठी कलम 15 किंवा 16 मधील कारण सिद्ध करून न्यायालयाचा हुकूमनामा मिळवावा लागतो. 21 ऑक्टोबरला दुकान सोडण्याचे कोणतेही कायदेशीर बंधन आपल्यावर नाही. कोणी बळजबरीने कुलूप ठोकलेच, तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम 6 खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागण्याचा दावा लावता येतो. पोलीस ठाण्यातली तक्रार त्याशिवाय आणि आधी. 50,000 हा आकडा आज केवळ मागणी आहे. असली भरपाई न्यायालय ठरवते. नोटिशीचा खर्च नाकारला, एवढे एक वाक्य पुरे.

हे सर्व ‘लिव्ह अँड लायसन्स’वर घेतलेल्या दुकानाला लागू पडत नाही, तसेच एक कोटी रुपये किंवा अधिक भरणा झालेल्या भागभांडवलाच्या कंपनीलाही नाही, आपली पागडीची, स्वतःच्या नावाच्या पावतीची जागा आहे म्हणून हा हिशेब.

मागण्या आणि मुदती झाल्यावर कागदावर आणखी एक जागा ठेवावी, जी लोक हमखास विसरतात : नोटिशीने आपल्या बाजूने काय मान्य केले आहे. परिच्छेद 3 मध्ये आपण ‘मासिक भाडेकरू’ आहात आणि भाडे 900 रुपये आहे, असे त्यांच्याच वकिलांनी लिहिले आहे. परिच्छेद 9 मध्ये मनीऑर्डर आल्याचा आणि त्यांचे अशील, म्हणजे मालक, ती स्वीकारण्यास बांधील नव्हते असा उल्लेख आहे. म्हणजे आपण भाडे पाठवले होते, हे सिद्ध करण्याचे अर्धे काम त्यांनीच केले. उलट परिच्छेद 19 मध्ये, कसलीही मागणी न करता, आपल्याला मध्येच ‘अनधिकृत भोगवटादार’ म्हटले आहे. अशा वाक्यांना मागणी नसल्यामुळे ती सारांशातून निसटतात आणि मग उत्तरातूनही. नोटिशीला उत्तर दिले नाही म्हणजे आरोप मान्य झाले, असे आपोआप ठरत नाही. पण न्यायालय त्यावरून प्रतिकूल निष्कर्ष काढू शकते. म्हणून नाकारायच्या विधानांचे परिच्छेद क्रमांक एका ओळीत उतरवून ठेवावेत.

उत्तर पंधरा दिवसांतच गेले पाहिजे असा कायदा नाही, तरी ते त्या आत गेलेले चांगले. सविस्तर उत्तराला वेळ लागणार असेल, तर वकिलांच्या सहीने दोन परिच्छेदांचे अंतरिम उत्तर पाठवावे : नोटीस 6 ऑक्टोबरला मिळाली, तीतील आरोप नाकारले आहेत, सविस्तर उत्तर पाठवत आहोत, दरम्यान 21,400 रुपयांचा महिनावार हिशेब व करांच्या बिलांच्या प्रती आणि इमारतीची मालकी बदलल्याचा कागद पाठवावा. पैसे मात्र या उत्तरासाठी थांबवू नयेत. ते स्वतंत्र पत्राने जावेत, म्हणजे उत्तराच्या मजकुरावर चर्चा लांबली तरी भरणा लांबत नाही. पोटमाळा तोडण्याविषयी एकतर्फी मनाई हुकूम घेतला जाईल अशी भीती असेल, तर कॅव्हेट, म्हणजे आपले म्हणणे ऐकल्याविना हुकूम देऊ नये असा न्यायालयाकडे आगाऊ अर्ज, दाखल करावी का, हे वकिलांना विचारावे. तिचा परिणाम नव्वद दिवस टिकतो, नंतर ती नव्याने करावी लागते. मालकांची माणसे ‘फक्त मिळाल्याची सही’ म्हणून कोणताही कागद पुढे करतील, त्यावर नोटीस मिळाल्याच्या पोचेपलीकडे काही लिहिले असेल तर सही करू नये.

वकिलांकडे जाताना हा एक कागद, नोटीस पाकिटासह, सापडतील तितक्या जुन्या भाडेपावत्या, मनीऑर्डरींच्या पावत्या, गुमास्त्याचे प्रमाणपत्र, विजेची बिले आणि पोटमाळ्याची छायाचित्रे न्यावीत. कागदावर नोटिशीचे मूळ इंग्रजी शब्द आपल्या शब्दांशेजारी परिच्छेद क्रमांकासह असू द्यावेत, म्हणजे वकिलांना आपला सारांश नोटिशीशी ताडून पाहायला दहा मिनिटे पुरतील, आणि फीच्या भेटीतला उरलेला वेळ भाच्याच्या टेबलावर व 21,400 च्या हिशेबावर घालवता येईल. या दोन गोष्टींत आपले उत्तर अजून ठरायचे आहे.